सतरा ते अठ्ठावीस: अंबडच्या एका वर्कशॉपच्या भरती व्हिडिओची गोष्ट

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत तेवीस माणसांचं एक वर्कशॉप आहे. सीएनसी टर्निंगचं जॉबवर्क चालतं: ऑटोमोबाइलच्या सुट्या भागांचे छोटे शाफ्ट, बुश, फ्लँज. मार्चअखेर तिथले दोन सेटर, म्हणजे नवं काम मशिनवर लावून देणारे कारागीर, एकाच महिन्यात सोडून गेले. एक सिन्नरला घराजवळ लागला, दुसऱ्याने पुण्याची वाट धरली. पाचपैकी दोन मशिन दुसऱ्या शिफ्टला बंद राहू लागली. मालकांनी, त्यांना सगळे शेठ म्हणतात, भाच्याला सांगून भरतीचा व्हिडिओ करून घेतला. तो फिरला, फोन आले, माणूस एकही मिळाला नाही. त्यानंतर त्यांनी मला बोलावलं. छोट्या कारखान्यांसाठी अशी स्क्रिप्ट लिहिण्याचं काम मी अधूनमधून करतो.

भाच्याचा व्हिडिओ वाईट नव्हता, पण तो भरतीचा नव्हता. एक मिनिट पन्नास सेकंद. सुरुवातीला गच्चीवरून घेतलेलं शेडचं दृश्य, मागे ढोलताशा, मग "नमस्कार मित्रांनो, तुम्हीही चांगल्या नोकरीच्या शोधात आहात का?" त्यापुढे कंपनी कधी सुरू झाली, मशिनं किती, गुणवत्ता कशी. "सीएनसी ऑपरेटर" हा शब्द अडतिसाव्या सेकंदाला पहिल्यांदा कानावर पडतो. पगाराबद्दल "आकर्षक पगार, योग्यतेनुसार". शेवटी "इच्छुक मुलांनी आपला बायोडाटा खालील ईमेलवर पाठवावा", आणि खाली शेठचा स्वतःचा मोबाइल नंबर.

चार दिवसांत शेठना पन्नासच्या वर फोन आले. ईमेलवर बायोडाटा आले सात, त्यातले पाच बी.कॉम. झालेल्या मुलांचे. शेठनी कोणाची नोंद ठेवली नव्हती, पण विचारलं काय गेलं ते त्यांना पाठ झालं होतं: पगार किती, कंपनी नेमकी कुठे, फ्रेशर चालेल का, ठेकेदाराकडून आहे का. हे चार प्रश्न पुन्हा पुन्हा. म्हणजे व्हिडिओने जे सांगायचं ते शेठ फोनवर पन्नास वेळा सांगत होते, तेही पार्टीकडे ड्रॉइंग घेऊन बसलेले असताना. आणि सेटिंग येणारा माणूस, जो आज कुठल्या तरी कंपनीत कामाला आहेच, तो फोन करायच्या फंदात पडलाच नव्हता. त्याला "आकर्षक पगार" या शब्दांचा अर्थ चांगला ठाऊक असतो.

पगाराचा आकडा

मी म्हटलं, शेठ, पगार सांगायचा. ते म्हणाले, "सांगा. सतरा ते अठ्ठावीस."

इतक्या चटकन आकडा आला की मला शंका आली. मी विचारलं, सतरा कोणाला आणि अठ्ठावीस कोणाला? त्यांनी पगारपत्रक काढलं, आणि पुढचे दोन तास आम्ही व्हिडिओबद्दल एक शब्द बोललो नाही. या प्रकरणातला खरा भाग हाच, म्हणून सावकाश सांगतो.

सतरा म्हणजे सगळ्यात नव्या ऑपरेटरच्या बँकेत जमा होणारी रक्कम. त्याचा एकूण पगार १९,००० रुपये. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,०००, त्यावर १२ टक्के पीएफ म्हणजे १,८०० कापले जातात. ईएसआय एकूण पगाराच्या पाऊण टक्का, म्हणजे १४३ रुपये. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. उरतात १६,८५७. शेठच्या डोक्यात हे "सतरा" म्हणून बसलं होतं.

अठ्ठावीस हा आकडा मात्र वेगळ्याच झाडाचा. वर्कशॉपमधला सगळ्यात जुना सेटर, त्याला सगळे मामा म्हणतात, त्याचा एकूण पगार २३,०००. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात त्याने २० तास ओव्हरटाइम केला होता. २३,००० ला २६ दिवस आणि ८ तासांनी भागलं तर तासाला साधारण ११० रुपये ५८ पैसे, ओव्हरटाइमला दुप्पट म्हणजे २२१ रुपये. वीस तासांचे ४,४२३. शिवाय एकही खाडा न केल्याचा ६०० रुपये हजेरी भत्ता. बेरीज २८,०२३, आणि तीही कपातीच्या आधीची.

म्हणजे एका टोकाला नव्या माणसाच्या हातात पडणारी, सगळं कापून उरलेली रक्कम, आणि दुसऱ्या टोकाला जुन्यात जुन्या माणसाची, ओव्हरटाइमसकट, न कापलेली, वर्षातल्या सगळ्यात चांगल्या महिन्याची रक्कम. दोन्ही आकडे खरे होते. एका वाक्यात शेजारी बसवले की मात्र खोटे होत होते. शेठ फसवत नव्हते. मालकाला पगार दोन ठिकाणी जाणवतो: नवा माणूस "हातात किती" विचारतो तेव्हा, आणि दिवाळीच्या तोंडावर बँकेतून मोठी रक्कम जाते तेव्हा. तेच दोन आकडे त्यांच्या लक्षात राहिले होते.

हा आकडा घातलेला व्हिडिओ पाहून कोणी आला असता आणि टेस्टला उत्तम ठरला असता, तरी त्याला एकूण २५,००० च्या वर देणं शेठना परवडलं नसतं. तो अठ्ठावीस ऐकून आलेला. पहिल्या पगाराला हातात बावीस-तेवीस पाहिले की त्याने दुसऱ्या महिन्यात रामराम ठोकला असता. सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये असा महिनाभराचा सेटर नसलेलाच बरा. तो जाताना टूल कुठे लावलंय, कुठला प्रोग्राम कुठल्या नावाने सेव्ह केलाय याचा गोंधळ मागे ठेवून जातो.

म्हणून आधी माप एकच ठरवलं: हातात येणारी रक्कम, ओव्हरटाइम सोडून. मी हेच माप धरायला सांगतो, कारण घरभाडं आणि गाडीचा हप्ता त्यातूनच जातो, आणि अंबडच्या चहाच्या टपरीवर दोन ऑपरेटर पगाराचं बोलतात ते याच मापात. मोठ्या कंपन्यांची वार्षिक पॅकेजची भाषा इथे कामाची नाही. त्यात कंपनीने भरलेला पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी सगळं मिसळलेलं असतं.

आता वरचं टोक. शेठ म्हणाले, खऱ्या सेटरला एकूण २५,००० देईन, माणूस पाहिजेच आहे. मी विचारलं, मामांना तेवीस आहेत ना? ते गप्प बसले.

इथे पगार जाहीर न करण्याचं खरं कारण बाहेर आलं. मालक सांगतात की शेजारचा कारखाना आकडा पाहून पाचशे जास्त देईल. तसं होतंही कधीकधी, पण शेजाऱ्याला आपला पगार आधीच माहीत असतो. आपलीच माणसं त्याच्याकडे गेलेली असतात. खरी भीती आतल्या माणसांची. व्हिडिओ पहिल्यांदा बघणार तो मामा. अकरा वर्षं काम केलेल्या माणसाला मोबाइलवर कळणार की उद्या येणाऱ्याला त्याच्यापेक्षा दोन हजार जास्त आहेत. पगार लपवून हा प्रश्न सुटत नाही, फक्त नवा माणूस आल्यावर डबा खाताना फुटतो.

शेठनी दोन दिवस घेतले. नव्या माणसासाठी वरची मर्यादा एकूण २४,००० केली, म्हणजे पीएफ आणि व्यवसाय कर जाऊन हातात २२,०००. मामांचा पगार पुढच्या महिन्यापासून २५,०००. आणि चार वर्षांपासून १९,५०० वर अडकलेला एक मधला ऑपरेटर होता, त्याला २१,०००. त्याला खरं तर साडेएकवीस द्यायचे होते, पण त्यानेच एकवीसवर थांबवायला सांगितलं. ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू असतं, आणि त्याच्या आईचे उपचार सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये चालू होते. पाचशे रुपयांसाठी ते सोडणं त्याला परवडणारं नव्हतं. मालकाच्या हिशेबात हे सहसा येत नाही. २१,००० च्या पुढे गेलेल्या माणसाचा ईएसआय कापला जात नाही, त्यामुळे हातात थोडे जास्त दिसतात, पण दवाखान्याची सोय जाते. वरच्या टोकाला येणाऱ्या सेटरसाठी म्हणून शेठनी गट आरोग्य विमा घ्यायचं ठरवलं, आणि ते टेस्टच्या दिवशी तोंडी सांगायचं ठेवलं.

दोन्ही वाढी मिळून महिन्याला साडेतीन हजारांचा बोजा. "तुमचा व्हिडिओ मला दरमहा साडेतीन हजाराला पडला," शेठ म्हणाले. रागात नव्हते, पण हसतही नव्हते.

आता आकडे एका मापात आले: हातात १६,८०० ते २२,०००. तरी काम अर्धंच झालं होतं, कारण पाच हजारांची ही दरी मोकळी सोडली तर प्रत्येक जण स्वतःला बावीसच्या टोकाला धरतो. तसं धरणं साहजिकही आहे. म्हणून प्रत्येक टोकाला एक काम बांधावं लागतं, आणि ते त्या धंद्यातल्या माणसाला लगेच ओळखू येईल अशा शब्दांत. "अनुभवानुसार" म्हणून भागत नाही. दहा वर्षं सायकल स्टार्टचं बटण दाबणारा माणूसही अनुभवीच असतो. मामांना विचारलं, तर त्यांनी विचारही न करता सांगितलं: "लागलेला जॉब चालवतो, इन्सर्ट बदलून ऑफसेट मारतो, तो ऑपरेटर. ड्रॉइंग हातात दिलं की सॉफ्ट जॉ बोअर करून, टूल लावून, पहिला पीस मापात काढतो, तो सेटर." स्क्रिप्टमध्ये हेच गेलं, थोडं आखडून.

अर्ज कसा करायचा

ईमेल आणि बायोडाटा हे ऑफिसच्या नोकरीचं वळण. सीएनसीवर काम करणाऱ्याकडे बायोडाटा तयार नसतो. तो करायला सायबर कॅफेत जावं लागतं, पन्नास रुपये जातात, आणि त्यात "वाचन, क्रिकेट" असे छंद लिहून मिळतात. कंट्रोल कोणता येतो ते मात्र राहून जातं. म्हणून व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा असं ठरवलं, चार ठरलेल्या गोष्टी सांगून. आवाजाचा एक फायदा मला आधीच्या कामांवरून माहीत होता. खरा सेटर कोणत्या मशिनवर काय करतो हे सांगताना अडखळत नाही, आणि ऐकणारा जाणता असला तर वीस सेकंदांत त्याला अंदाज येतो. इथे ऐकणारे मामाच.

शेठचा नंबर काढला. नवं सिम घेतलं, ते ऑफिसमधल्या फोनमध्ये टाकलं आणि त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस चालू केलं, म्हणजे मेसेज येताच "मिळाला, दोन दिवसांत फोन करू" असं उत्तर आपोआप जातं. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण उत्तर न मिळालेला माणूस तोच मेसेज तीनदा पाठवतो आणि चौथ्यांदा फोन करतो.

दोन वाक्यं मी आग्रहाने घातली. पहिलं: "सध्या जिथे कामाला आहात तिथे आम्ही फोन करणार नाही." आपल्याला हवा तो माणूस आज नोकरीत आहे. अंबड-सातपूरमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात. शोधतोय हे सुपरवायझरला कळलं तर उद्यापासून रात्रपाळी, ही भीती खरी आहे. दुसरं: "पैसे कोणालाच द्यायचे नाहीत." व्हिडिओ फॉरवर्ड होत जातो तसा नंबर बदलून "रजिस्ट्रेशन फी" मागणारे निघतात. मूळ व्हिडिओतच तोंडाने सांगितलेलं असलं की ते कापून टाकणं अवघड जातं.

भाच्याच्या स्क्रिप्टमधलं "इच्छुक मुलांनी" गेलं. शेठ म्हणाले, दुसरी शिफ्ट रात्री बारापर्यंत आहे, मुली कशा येणार? तो प्रश्न स्वतंत्रपणे सोडवायचा आहे, पण भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला कायद्याची मनाई आहे, आणि १९७६ पासून आहे. शिवाय आयटीआयमधून मशिनिस्ट आणि टर्नर होऊन बाहेर पडणाऱ्या मुली आता दिसतात. "ज्यांना येतं" असं लिहिलं की प्रश्न मिटतो, वाक्यही बिघडत नाही. जाता जाता: महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे याच पगारात बाईच्या हातात दोनशे रुपये जास्त पडतात.

स्क्रिप्ट

बोलायचं कोणी यावर थोडी खेचाखेच झाली. भाच्याला बोलायचं होतं. शेठना वाटत होतं मालकाने बोलावं. मी मामांचं नाव सुचवलं. टेस्ट तेच घेणार, आणि सेटर सेटरचं ऐकतो. मामा आधी नाही म्हणाले, मग "पगाराचं मी बोलणार असेन तर जे देता तेच बोलेन" असं म्हणून तयार झाले. त्यांच्या आवाजात मिनिटाला साधारण १२० शब्द आरामात जातात. त्या हिशेबाने ८० सेकंदांना १६० शब्द. खाली आहे ती शेवटची प्रत.

(० ते ७ सेकंद. मामा मशिनसमोर उभे. पडद्यावर वर: "सीएनसी सेटर-ऑपरेटर, २ जागा, अंबड".)

"सीएनसी टर्निंगचे दोन सेटर-ऑपरेटर पाहिजेत. अंबड एमआयडीसी, गरवारे पॉइंटपासून गाडीवर दहा मिनिटं."

(७ ते २८ सेकंद. पडद्यावर: "हातात १६,८०० ते २२,०००, ओव्हरटाइम वेगळा". हा मजकूर बोलणं संपेपर्यंत हलवायचा नाही.)

"पगार हातात सोळा हजार आठशे ते बावीस हजार. सगळं कापून. ओव्हरटाइम वेगळा, डबल दराने. ज्यांना लागलेला जॉब चालवता येतो, ऑफसेट मारता येतो, त्यांना खालचा आकडा. ज्यांना ड्रॉइंग बघून पूर्ण सेटिंग करता येतं, त्यांना वरचा. मधलं टेस्ट घेऊन ठरवू."

(२८ ते ५२ सेकंद. कंट्रोल पॅनल आणि मायक्रोमीटर जवळून.)

"मशिनला फॅनुक कंट्रोल आहे. दोन वर्षांचा अनुभव लागेल, फ्रेशरसाठी ही जागा नाही. शिफ्ट दोन, दर आठवड्याला बदलते. सकाळी सात ते साडेतीन, आणि साडेतीन ते रात्री बारा. रात्री बस मिळत नाही, स्वतःची गाडी लागेल. सुट्टी शनिवारी. भरती थेट कंपनीत, ठेकेदार नाही."

(५२ ते ८० सेकंद. पुन्हा मामा. नंबर पडद्याच्या मधोमध, शेवटपर्यंत.)

"बायोडाटा नको. या नंबरला व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. चार गोष्टी सांगा: नाव, राहता कुठे, कोणत्या मशिनवर किती वर्षं, सेटिंग करता का. अठरा मेपर्यंत. दोन दिवसांत फोन येईल, संध्याकाळी सहानंतर. सध्या जिथे कामाला आहात तिथे आम्ही फोन करणार नाही. पैसे कोणालाच द्यायचे नाहीत. मी इथे अकरा वर्षं आहे, टेस्ट मीच घेणार."

यात कंपनीचा इतिहास नाही, संगीत नाही, "मित्रांनो" नाही. शेठना हे उघडंबोडकं वाटलं. त्यांच्या समाधानासाठी शेवटी दोन सेकंद कंपनीचा बोर्ड दाखवला. त्याचा उपयोगही झाला, कारण नंतर टेस्टला येणाऱ्यांनी तो बोर्ड पाहूनच गल्ली शोधली.

बसचं वाक्य काढा असं भाचा म्हणत होता, लोक घाबरतील म्हणे. घाबरणारे घाबरू देत. त्र्यंबकहून किंवा ओझरहून येणारा, गाडी नसलेला माणूस दुसऱ्या शिफ्टच्या पहिल्याच रात्री अडकणार. ते त्याला घरी बसून कळलेलं बरं.

शूटिंगला काय चुकलं

पहिलं शूटिंग मशिन चालू ठेवून केलं, दिसायला छान म्हणून. कॉम्प्रेसरच्या आवाजात "सोळा हजार आठशे" मधला "आठशे" गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, साडेबाराला, कॉम्प्रेसर बंद करून मामांच्या शर्टाला कॉलर माइक लावला आणि पुन्हा घेतलं. मशिनची चालती दृश्यं वेगळी घेऊन नंतर वर चिकटवली.

दुसरी चूक माझी. पहिल्या प्रतीत मी "येत्या शनिवारपर्यंत" लिहिलं होतं. एडिटिंग करताना लक्षात आलं की तीन आठवड्यांनी फॉरवर्ड होऊन आलेल्या व्हिडिओत "येता शनिवार" कोणता ते कोणालाच कळणार नाही. मामांना पुन्हा उभं करून फक्त "अठरा मेपर्यंत" एवढं बोलून घेतलं. नीट ऐकलं तर त्या जागी आवाज किंचित बदलतो.

तिसरी भाच्याने पकडली, ते कबूल करायला हवं. मी नंबर पडद्याच्या तळाला ठेवला होता. रीलमध्ये तळाशी खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजवीकडे बटणं. नंबरचे शेवटचे चार आकडे त्याखाली गाडले जात होते. त्याने तो मध्यावर आणला आणि लेखी मजकुरात wa.me ची लिंक दिली, म्हणजे बोट लावलं की थेट चॅट उघडते. आकडेही पाच-पाचच्या दोन गटांत लिहिले, कारण बरेच जण दुसऱ्याच्या मोबाइलवर बघून आपल्या मोबाइलवर नंबर दाबतात.

पूर्ण मजकूर पडद्यावर अक्षरांतही होता. शॉपफ्लोअरवर किंवा बसमध्ये आवाज बंद ठेवूनच व्हिडिओ पाहिला जातो. अंबडमध्ये उत्तर भारतातले ऑपरेटर पुष्कळ आहेत म्हणून हिंदी अक्षरांची एक वेगळी प्रत केली. आवाज मामांचा मराठीच ठेवला.

पुढे काय झालं

अठरा मेपर्यंत एकतीस जणांनी आवाज पाठवला, नऊ जणांनी नुसतंच "hi" लिहिलं. फोन करणारे फार थोडे होते, आणि "पगार किती" विचारणारा एकही नव्हता. हा मला या प्रकारच्या व्हिडिओचा सगळ्यात खात्रीचा निकष वाटतो: किती लोक आले यापेक्षा, आलेल्यांनी पुन्हा काय विचारलं. इथे प्रश्न आले ते वेगळेच. सहा जणांनी विचारलं, रूम मिळेल का. तो प्रश्न आमच्या कोणाच्या डोक्यातच नव्हता.

मामांनी एकतीस आवाज दोन संध्याकाळी ऐकले. अकरा जणांना टेस्टला बोलावलं, आठ आले. टेस्ट तासाभराची. एका बुशचं ड्रॉइंग, मायक्रोमीटर आणि बोअर गेजने तयार पीस मोजून दाखवायचा, मग एका टूलचा ऑफसेट घेऊन पहिला पीस काढायचा. एक जण आवाजात फार सफाईदार बोलला होता, पण बोअर गेज शून्याला लावताच येईना. आवाजाची चाळणी तेवढीच, त्यापेक्षा जास्त भरवसा तिच्यावर टाकू नये. टेस्टशिवाय या कामात कोणाला घेऊ नये असं मामांचं मत आहे, आणि माझंही.

दोघे लागले. एक पूर्ण सेटर, एकूण २४,००० वर. दुसरा मधला, सॉफ्ट जॉ बोअर करायला अजून शिकायचंय असा, २०,००० वर. त्याला टेस्टच्या दिवशीच कागदावर लिहून दिलं: हातात १७,८५०. वरच्या टोकाला तो का बसत नाही हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. व्हिडिओत ऐकलेलं वाक्य त्यानेच म्हणून दाखवलं.

तारीख उलटल्यावरही मेसेज येत राहिले, जुलैपर्यंत. बिझनेस खात्यावरचं आपोआप जाणारं उत्तर बदलून "या जागा भरल्या, पुढची भरती निघाली की याच नंबरवरून कळवू" असं ठेवलं. मामांनी टेस्टमधल्या आणखी दोघांचे नंबर वेगळे लिहून घेतलेत.

मग पहिला पूर्ण पगार झाला. २०,००० वाला पगाराची स्लिप घेऊन थेट मामांकडे गेला. हातात १७,२०० आले होते, लिहून दिल्यापेक्षा ६५० कमी. कॅन्टीनचे. दुपारच्या जेवणाचे २५ रुपये ताट, २६ दिवस, पगारातून कापायची पद्धत पहिल्यापासून आहे. इतकी जुनी की पगारपत्रकात तिचा रकाना शेवटच्या पानावर आहे, आणि आम्ही दोन तास बसलो होतो तेव्हा ते पान कोणी उलटलंच नाही. व्हिडिओत मामा स्वतःच्या तोंडाने "सगळं कापून" म्हणाले होते. नवा पोरगा भांडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "मामा, तुम्ही म्हणाला होता ना?"

मामा स्लिप घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले. त्या महिन्याचे ६५० दोन्ही नव्या माणसांना परत मिळाले, आणि पुढे ज्याला डबा आणायचा असेल त्याचं कापायचं नाही असं ठरलं. ऑगस्टमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी शेठनी मला पुन्हा बोलावलं. टेबलावर पगारपत्रक शेवटच्या पानावर उघडून ठेवलेलं होतं.